गोणी हातात, आणि 'नको' एक्केचाळिसाव्या सेकंदाला

आजची नोंद रानातली कमी आणि मोबाईलमधली जास्त आहे. पण सुरुवात रानातूनच झाली, म्हणून इथंच लिहितो.

जुलैचा तिसरा आठवडा होता. सलग नऊ दिवस झड लागलेली, काळ्या रानात चिखल, आणि सोयाबीन पिवळं पडायला लागलं. फोनवर फोन. म्हणून एका दुपारी पाऊस उघडल्यावर मी बांधावर उभा राहून व्हिडिओ केला. नाव दिलं, 'सोयाबीन पिवळं पडलं? युरिया टाकायचा का?' हातात युरियाची गोणी धरली होती, कारण सांगायचं हेच होतं की ही टाकू नका. फोटोही तोच लावला, मी आणि गोणी.

चार दिवसांनी शेजारचे तात्या बांधावर भेटले. त्यांच्या रानात पांढरे दाणे दिसत होते. मी म्हटलं, "तात्या, हे काय केलं? व्हिडिओ पाहिला नाही का माझा?"

"पाहिला की. म्हणूनच तर टाकलं. तूच दाखवली ना गोणी हातात धरून."

मला आधी राग आला. घरी येऊन थोरलीला सांगितलं, लोक नीट ऐकतच नाहीत. ती कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पावसामुळं घरीच होती. ती म्हणाली, "पप्पा, तात्या कुठपर्यंत ऐकत होते ते आपल्याला नाही दिसणार, पण सगळे मिळून कुठपर्यंत ऐकत होते ते दिसतंय." आणि तिनं यूट्यूब स्टुडिओ उघडला. मी तोवर त्यात फक्त किती जणांनी पाहिलं एवढाच आकडा बघायचो.

व्हिडिओवर गेलं, अ‍ॅनालिटिक्स उघडलं की खाली एक आलेख असतो. त्यावर लिहिलेलं असतं Key moments for audience retention. आडव्या बाजूला व्हिडिओची वेळ, उभ्या बाजूला टक्के. रेषा डावीकडं शंभराच्या आसपास सुरू होते आणि उजवीकडं उतरत जाते. उतरणारच. आजवर माझा एकही व्हिडिओ असा नाही की ज्याची रेषा उतरली नाही. पाहायचं असतं ते कुठं उतरली आणि किती तीव्र उतरली. वरच एक वाक्य असतं, तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक अजून पाहत होते. माझ्या व्हिडिओला तो आकडा होता ४४.

म्हणजे अर्ध्या मिनिटात अर्ध्याहून जास्त गेले. मी कपाळाला हात लावला. पण त्याच्या शेजारी स्टुडिओनं Typical असं लिहिलं होतं, म्हणजे नेहमीसारखंच. मग मला बरं वाटलं, आणि तीच माझी पहिली चूक.

हे 'नेहमीसारखं' कशाच्या तुलनेत, तर माझ्याच तेवढ्याच लांबीच्या शेवटच्या दहा व्हिडिओंच्या. दुसऱ्या कोणाच्या नाही. आणि माझ्या दहाही व्हिडिओंची सुरुवात एकाच साच्यातली. सगळं रानच पिवळं असेल तर मधलं एक झाड पिवळं आहे हे कसं कळणार? ते करड्या रंगाच्या पट्ट्याच्या आत रेषा बसली म्हणून खूश होऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमची जुनी खोड अजून तशीच आहे.

मग आम्ही वही घेतली. व्हिडिओ ८ मिनिटं २० सेकंदांचा, म्हणजे ५०० सेकंद. आता एक गोष्ट इथं सांगून ठेवतो, ती कळेपर्यंत माझा एक तास वाया गेला. ही रेषा अखंड दिसते, पण यूट्यूब पूर्ण व्हिडिओचे शंभर समान तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा एक आकडा देतं. व्हिडिओ ५०० सेकंदांचा असेल तर एक तुकडा पाच सेकंदांचा. म्हणजे पहिल्या अर्ध्या मिनिटाचे आपल्या हातात फक्त सहा आकडे. व्हिडिओ पंचवीस मिनिटांचा असेल तर एक तुकडा पंधरा सेकंदांचा, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटाला दोनच ठिपके. त्यावरून 'अमुक शब्दाला लोक गेले' असं सांगणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय असं समजा. मातीचा एकच नमुना काढून दहा एकरांचं सांगितल्यासारखं ते होतं.

आमचे आकडे असे निघाले. पाचव्या सेकंदाला ८१. दहाव्याला ७४, पंधराव्याला ७०. मग विसाव्याला एकदम ५८, पंचविसाव्याला ४९, तिसाव्याला ४४. पुढं चाळिसाव्याला ४०, आणि तिथून रेषा बऱ्यापैकी सपाट.

थोरली म्हणाली, आता शेजारी लिहा की त्या त्या वेळी तुम्ही काय करत होतात. मी व्हिडिओ पुन्हा पाहिला, पहिल्यांदाच लोकांच्या नजरेनं. पहिले सात सेकंद माझ्या चॅनेलचं चिन्ह, बैलजोडी फिरते आणि सनई वाजते. भाच्यानं हौसेनं करून दिलेलं. सातव्यापासून पंधराव्यापर्यंत नमस्कार, माझं नाव, गाव. पंधराव्यापासून चोविसाव्यापर्यंत चॅनेल सबस्क्राईब करा, बेलचं बटण दाबा, आपल्या गटात पाठवा. मग पावसाचं पुराण. आणि एक्केचाळिसाव्या सेकंदाला माझं वाक्य: "तर युरिया अजिबात टाकू नका."

गोणी मात्र सातव्या सेकंदापासून हातात.

मंडळी, मी ते पाहून गप्पच बसलो. तोवर व्हिडिओ २,३०० वेळा पाहिला गेला होता. चाळिसाव्या सेकंदाला ४० टक्के म्हणजे साधारण ९२० वेळा. उरलेल्या १,३८० वेळा व्हिडिओ सुरू झाला, पण तो 'नको' कोणाच्या कानावर गेला नाही. यातले सगळे तात्यांसारखे युरिया टाकायला गेले असं नाही. कोणाला आधीच माहीत असेल, कोणी चुकून बोट लागून आलं असेल, एकच माणूस दोनदा आला असेल. पण ज्यांनी पाहिलं आणि सोडलं त्यांच्या डोळ्यासमोर काय राहिलं? पिवळं सोयाबीन आणि त्यापुढं गोणी घेऊन उभा असलेला, ज्याच्यावर त्यांचा थोडाफार विश्वास आहे असा माणूस.

तोवर मी हा आलेख म्हणजे शाळेतल्या मार्कांसारखा समजत होतो, किती पडले आणि किती कमी पडले. पण लोक जिथं सोडतात तिथंपर्यंतचंच त्यांच्या सोबत जातं. म्हणून पडझड दिसली की तिथं थांबून दोन्ही विचारायचं: का गेले, आणि जाताना काय घेऊन गेले.

आधी 'का' चं सांगतो.

आकडे पाहिल्यावर माझा पहिला अंदाज होता की लोकांना नमस्कार आणि नाव-गाव नको असतं. सगळीकडं तसंच ऐकतो ना आपण, थेट मुद्द्यावर या. पण वहीत बघा. दहाव्यापासून पंधराव्यापर्यंत, म्हणजे मी नाव-गाव सांगत होतो तेव्हा, फक्त चार टक्के गेले. पूर्ण अर्ध्या मिनिटातली ती सगळ्यात कमी गळती. कारण असं वाटतं की त्या वेळी माझ्या मागं पिवळं रान दिसत होतं. माणूस बोलतोय काहीही, पण डोळ्याला आपल्याच रानासारखं रान दिसतंय म्हणून थांबला. नमस्कार काढून टाकला असता आणि सबस्क्राईबचं पुराण ठेवलं असतं, तर रोग सोडून भलत्याच झाडाला औषध दिल्यासारखं झालं असतं.

मोठी गळती पंधराव्यानंतर. पाच सेकंदांत बारा टक्के, पुढच्या पाचात नऊ. आणि तिथंच सबस्क्राईबचं वाक्य. पण तेवढ्यावरून निकाल द्यायला थोरलीनं अडवलं. ती म्हणाली, कंटाळा आलेला माणूस लगेच उठत नाही. दोन-तीन सेकंद बघतो, मग अंगठा फिरवतो. म्हणून रेषा पडते त्याच्या जरा आधी कारण शोधायचं. शिवाय आपला ठिपका पाच सेकंदांचा. एकाच व्हिडिओवरून कारण ठरवता येत नाही.

मग तिनं जे केलं ते आपण रानात करतोच. नवीन खत बघायचं असेल तर चार तासं तशीच सोडतो, नाहीतर फरक खताचा की पावसाचा हे कळत नाही. इथं तशी सोडलेली तासं म्हणजे माझे जुने व्हिडिओ. चार काढले. तिघांत सबस्क्राईबचं वाक्य वेगवेगळ्या वेळी होतं: एकात बाराव्या सेकंदाला, एकात सतराव्या, एकात एकविसाव्या. चौथा मी घाईत केला होता, अळी दाखवायची होती आणि अंधार पडत होता, त्यात ते वाक्य नव्हतंच आणि बैलजोडीही नव्हती.

तिन्ही व्हिडिओंत खड्डा वाक्याबरोबर सरकला. जिथं वाक्य, त्याच्या मागोमाग उतार. चौथ्यात तसा उतारच नाही, रेषा सावकाश तिरपी उतरत गेली. पडझड घड्याळाच्या एका ठरावीक वेळेला नाही तर वाक्याच्या मागं फिरतेय, म्हणजे दोष त्या वाक्याचा, असं धरायला जागा झाली.

बैलजोडीचं एवढं स्वच्छ निघालं नाही. पहिल्या पाच सेकंदांत माझे अठरा-वीस टक्के जातातच, प्रत्येक वेळी. त्यातले काही चुकून आलेले असतात, ते कोणीही थांबवू शकत नाही. चिन्ह नसलेल्या त्या एका व्हिडिओत अकरा गेले होते. फरक दिसतो, पण तो एकच व्हिडिओ, विषयही वेगळा, अळीचा फोटो बघून आलेला माणूस जास्त आतुर असतो. म्हणून भाच्याला एवढंच सांगितलं की बैलजोडी शेवटी लावू. तो दोन दिवस फुगून बसला.

आणखी एका ठिकाणी आम्ही फसता फसता वाचलो. जूनमधल्या बीजप्रक्रियेच्या व्हिडिओत दहाव्या सेकंदाला ७८, पंधराव्याला ६३, विसाव्याला ६०, आणि पंचविसाव्याला परत ६९. मी म्हटलं, गेलेले लोक परत कसे आले? तर ही रेषा माणसं मोजत नाही, तो क्षण किती वेळा पाहिला गेला ते मोजते. लोक गेलेच नव्हते. त्यांनी बोटानं दोनदा टिचकी मारून दहा सेकंद पुढं उडी घेतली होती. म्हणून रेषा खाली जाऊन वर आली तर ती उडी, आणि खाली जाऊन खालीच राहिली तर ते गेले. दोन्हींचा अर्थ वेगळा. उडी मारणारा तुमच्यासाठी थांबलाय, फक्त मधला पाचोळा त्याला नको आहे. याच कारणानं एखाद्या जागी लोक मागं जाऊन परत परत बघत असतील, समजा औषधाचं प्रमाण सांगताना, तर तिथं रेषेला उंचवटा येतो, आणि छोट्या व्हिडिओत ती शंभराच्या वरही जाऊ शकते. बिघाड नाही तो.

सोयाबीनच्या व्हिडिओत मात्र रेषा परत वर आली नव्हती. ते गेलेच होते.

कोण गेले, हेही थोडं दिसतं. आलेखात सबस्क्राईब केलेले आणि न केलेले असे वेगळे करता येतात. केलेल्यांत तिसाव्या सेकंदाला ६१ टक्के टिकले, न केलेल्यांत ३८. ओळखीचा माणूस आपली बैलजोडी सहन करतो, अनोळखी करत नाही. आणि त्या पावसाळ्यात माझ्याकडं येणारे चारातले तीन अनोळखी होते, गटागटांतून पाठवलेल्या लिंकवरून नाहीतर यूट्यूबनंच पुढं दाखवलेले. म्हणजे ज्यांना 'नको' ऐकायची जास्त गरज, तेच आधी उठत होते.

यातून आणखी एक कळलं. पहिल्या दिवशी हाच आकडा ५७ दिसत होता, आठवडाभरात ४४ झाला. व्हिडिओ तोच. बदलले ते पाहणारे. आधी घरचे येतात, मग बाहेरचे. म्हणून एका व्हिडिओचा पहिला दिवस आणि दुसऱ्याचा महिना समोरासमोर ठेवू नका. आम्ही आता सगळ्यांचे पहिले सात दिवसच बघतो. हे आकडे यायलाही एक-दोन दिवस लागतात, टाकल्या टाकल्या रेषा शोधत बसू नये. आणि पन्नास-साठच वेळा पाहिलेल्या व्हिडिओवर तर काही ठरवूच नका. साठात एक माणूस उठला तरी रेषा दीड टक्क्यापेक्षा जास्त हलते, घरातल्या तिघांनी उघडून बंद केलं की झाला तुमचा खड्डा.

आता 'काय घेऊन गेले' ते.

त्याच संध्याकाळी जुन्या व्हिडिओचं काय करायचं हा प्रश्न होता. तो अजून पाहिला जात होता. काढून टाकला तर गटांत फिरणारी लिंक मेली असती. स्टुडिओच्या एडिटरमध्ये टाकलेल्या व्हिडिओचा तुकडा कापता येतो, लिंक तीच राहते. आम्ही आधी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले, कारण कापल्यावर जुनी मोजणी आणि नवी मोजणी सरमिसळ होणार. मग पहिली अडतीस सेकंदं उडवली. आता व्हिडिओ उघडला की तिसऱ्या सेकंदाला 'युरिया अजिबात टाकू नका'. दिसायला ओबडधोबड, एकदम मध्येच सुरू होतो. रात्रभर प्रक्रिया चालली, तोवर जुनाच दिसत होता. सकाळी बदलला.

नंतर आठवड्यानं नीट नवा व्हिडिओ केला. या वेळी आधी कागदावर पहिली तीन वाक्यं लिहिली, आणि थोरलीनं प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारलं, "इथं उठला तर तो काय करेल?" मला हा प्रश्न फार आवडला. पहिल्या वाक्यावर उठला तर: युरिया टाकणार नाही. चालेल. दुसऱ्यावर उठला तर: पाणी काढून देईल. उत्तम. तिसऱ्यावर: पान बघेल, वरचं पिवळं की खालचं.

मूळ कच्च्या कागदावर मी दुसरं वाक्य 'सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी घ्या' असं लिहिलं होतं. त्यावर ती म्हणाली, इथं उठलेला माणूस उद्या पाणी साचलेल्या रानात पंप घेऊन जाईल. खरं होतं. आपल्या भागातल्या चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, जमिनीत लोह असून झाडाला उचलता येत नाही, म्हणून वरची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. त्याला आधी चर काढून पाणी बाहेर, मग वाफसा आला की कोळपणी. बरंच रान तेवढ्यानंच हिरवं होतं. नाही झालं तर विद्यापीठाच्या शिफारशीनं फवारणी. नत्राच्या कमतरतेत खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात, आणि सोयाबीनच्या मुळावर गाठी असताना युरियाची घाई तशीही नको. पिवळा मोझॅक असेल तर तर पूर्णच वेगळं, पानावर हिरवे-पिवळे चट्टे, ती झाडं उपटायची आणि पांढरी माशी आवरायची. हा क्रम उलटा सांगितला, तर माहिती सगळी बरोबर असूनही अर्ध्यावर उठलेल्याचं नुकसान होतं.

गोणी या वेळी घरीच ठेवली. हातात एक उपटलेलं झाड, वरचं पिवळं पान कॅमेऱ्याला लावलेलं. आणि पहिलं वाक्य, "सोयाबीन असं पिवळं पडलं असेल तर युरिया टाकू नका, आधी रानातलं पाणी काढा." एवढं बोलायला मला आठ सेकंद लागले. मग नमस्कार, नाव, गाव. नमस्कार मी सोडला नाही. आपल्याकडं माणूस बांधावर आला की आधी राम राम होतो, आणि आलेखानंही त्याला दोषी धरलेलं नाही.

नव्या व्हिडिओची लांबी ६ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे एक ठिपका चार सेकंदांचा. पहिल्या सात दिवसांचे आकडे: चौथ्या सेकंदाला ८४, आठव्याला ७९, बाराव्याला ७१, विसाव्याला ६७, आणि तिसाव्याला ६३. चव्वेचाळीसचे त्रेसष्ट.

पण ही वाढ पूर्ण माझ्या वाक्याच्या नावावर टाकत नाही. नव्याचं नाव वेगळं होतं, 'सोयाबीन पिवळं पडलं? युरिया टाकू नका, आधी हे पाहा'. पाऊस उघडला होता. आणि त्याच मुदतीत जुना २,३०० वेळा पाहिला गेला होता, नवा १,६०० वेळाच. नावातच उत्तर असल्यावर काही जण आतच आले नसतील. ते आले नाहीत तरी नाव वाचून युरिया टाकणार नाहीत, म्हणून मला त्याचं दुःख नाही. चॅनेल चालवून पोट भरणाऱ्याला असेल.

आठव्यापासून बाराव्यापर्यंत गेलेले ते आठ टक्के मात्र मला बराच वेळ खटकत होते. नव्या व्हिडिओतली पहिल्या चार सेकंदांनंतरची ती सगळ्यात मोठी गळती. थोरली म्हणाली, तुमचा नमस्कार सुरू झाला म्हणून. मी म्हटलं, मागच्या वेळी तर नमस्काराला लोक थांबले होते. मग आमच्या गावच्या गटात मी सरळ विचारलं, कोणी लवकर बंद केला का, खरं सांगा, राग नाही. एका पोरानं लिहिलं, "काका, मी केला. पाणी काढायचं एवढं कळलं, चर काढायला गेलो. वाफसा आल्यावर परत पुढचं पाहिलं."

हे तुम्हाला रेषेवर दिसणार नाही. कंटाळून उठलेला आणि उत्तर मिळालं म्हणून कामाला लागलेला, दोघंही तिथं सारखेच, एक टक्का खाली. म्हणजे कुठं गेले हे रेषा सांगते, ज्या वाक्याला गेले ते आपण शेजारी लिहायचं, आणि का गेले हे शेवटी कोणाला तरी विचारावंच लागतं. एका पोराच्या उत्तरावरून आठही टक्के तसेच होते असं मी म्हणत नाही. पण त्या गळतीला औषध मारायचं सोडून दिलं.

तात्यांचं सोयाबीन तसं बरं आलं. पाणी ओसरल्यावर आपोआप हिरवं झालं, त्याचं श्रेय ते युरियाला देतात आणि वर मलाही. मी दोनदा समजावलं, मग सोडून दिलं. पाला मात्र गुडघ्याच्या वर गेला आणि शेंगा माझ्यापेक्षा विरळ, हे ते बांधावर उभं राहून मोजतात पण बोलत नाहीत.

परवा हरभऱ्याच्या मर रोगावर व्हिडिओ करायला निघालो होतो. बीजप्रक्रियेची ट्रायकोडर्माची पुडी हातात, थोरली मोबाईल धरून. तात्या पलीकडून बघत होते. ओरडून म्हणाले, "आरं, हातात जे धरलंय ते टाकायचंय का नाही, ते आधी सांग बाबा!"

पुडी टाकायचीच होती, म्हणून हातातच ठेवली.